साडेनऊची बस आम्हाला नको: ऑफसाइटच्या नव्या परिपत्रकाबद्दल व्यवस्थापनाला खुले पत्र

माननीय संचालक मंडळ, मनुष्यबळ विभाग आणि ऑफसाइट नियोजन समिती यांस,

स. न. वि. वि.

पवना धरणाच्या काठावरची आपली ऑफसाइट झाली, तिथे जे घडायला नको ते घडलं आणि त्यानंतर आपण ‘कंपनी कार्यक्रमांतील मद्यपान व शिस्त’ या विषयावर दीड पानी परिपत्रक काढलंत. मी त्याला रीतसर ईमेलने उत्तर दिलं. ‘आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे’ असं एक ओळीचं उत्तर आलं आणि पुढच्याच आठवड्यात ते परिपत्रक जसंच्या तसं लागू झालं. म्हणून हे जाहीर पत्र. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण हिंजवडीपासून खराडीपर्यंत कितीतरी कंपन्यांत थोड्याफार फरकाने हाच कागद फिरतोय. कुठलाही वाचक तो आपल्या कंपनीचा समजून वाचू शकतो.

त्या रात्रीच्या तक्रारीबद्दल मी इथे अक्षरही लिहिणार नाही. अंतर्गत समितीपुढच्या तक्रारीचा तपशील आणि संबंधितांची ओळख जाहीर करायला 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याची मनाई आहे आणि ती योग्यच आहे. कॅन्टीनमध्ये त्यावर चर्चासत्रं भरवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. माझं भांडण फक्त परिपत्रकाशी आहे.

आधी माझा या सगळ्याशी संबंध काय ते सांगते. मी डिलिव्हरी विभागात टीम सांभाळते. माझ्या टीमला कॅम्पसमधून नुकतीच आलेली मुलं-मुली आहेत, दोन लेकरांची आई आहे आणि निवृत्तीला आलेले एक गृहस्थही आहेत. मी स्वतः कधीमधी वाइन घेते. दारूबंदीचा झेंडा घेऊन मी आलेले नाही, आणि पार्ट्या बंद करा असंही मला म्हणायचं नाही. उलट ते बंद करणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात आळशी उपाय ठरेल. बाटल्या मग रिसॉर्टच्या बारमधून खोल्यांमध्ये आणि गाड्यांच्या डिक्कीत जातील, इतकंच.

परिपत्रकातलं पहिलंच कलम म्हणतं, ‘महिला कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांच्यासाठी रात्री 9.30 वाजता स्वतंत्र बस सुटेल.’ हेतू चांगला असेल. पण वाचल्यावर पहिला प्रश्न हाच पडतो की गैरवर्तन कोणी केलं आणि घरी कोणाला पाठवलं जातंय? चाळिशीच्या बाईला, जी एरवी रात्री एक वाजता अमेरिकेतल्या क्लायंटशी एकटी बोलून प्रॉडक्शनचा गोंधळ निस्तरते, तिला शाळेच्या सहलीसारखं मोजून बसमध्ये बसवायचं? आणि यात फक्त अपमानाचा प्रश्न नाही, नुकसानाचाही आहे. आपल्या ऑफसाइटचं खरं कामकाज दुपारच्या सादरीकरणात होत नाही, ते जेवणानंतर शेकोटीभोवती होतं हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या वर्षी एका मोठ्या अकाउंटची जबाबदारी कोणाकडे जाणार हे तिथेच ठरलं आणि सोमवारी सकाळी आम्हाला ईमेलने कळलं. साडेनऊच्या बसने जाणाऱ्या बायका त्या वर्तुळात कधीच नसतील. लवकर निघू इच्छिणाऱ्या कोणासाठीही बस हवीच; पुरुषांनाही घरी तान्ही मुलं आणि आजारी आईवडील असतात. पण ती ज्याला हवी त्याच्यासाठी असावी. साडेनऊला एक, साडेअकराला एक, आणि दोन्हीत कोणीही बसेल, एवढं साधं आहे हे.

दुसरं कलम मला त्याहून गंभीर वाटतं. ‘कार्यक्रमाची अधिकृत वेळ रात्री 10 पर्यंत राहील, त्यानंतरचे वर्तन ही वैयक्तिक बाब असून कंपनी त्यास जबाबदार राहणार नाही.’ हे कोणत्या वकिलाने लिहून दिलं मला माहीत नाही, पण कायदा घड्याळाकडे बघत नाही. 2013 च्या कायद्यातली कामाच्या ठिकाणाची व्याख्या नोकरीच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जाईल त्या जागेला लागू होते, आणि मालकाने पुरवलेला प्रवासही तिच्यात स्पष्ट शब्दांत येतो. म्हणजे रिसॉर्ट तर आलंच, आपली ती साडेनऊची बससुद्धा आली. रिसॉर्ट कंपनीने बुक केलं, कोण कोणाबरोबर खोलीत राहणार ती यादी मनुष्यबळ विभागाने लावली, सकाळी नऊला पुन्हा ‘सहभाग अनिवार्य’ असलेलं सत्र आहे. मग मधले काही तास अचानक खाजगी कसे झाले? या कलमाने कंपनीचा बचाव होणार नाही. एक मात्र होईल. उद्या एखाद्या मुलीला रात्री साडेअकराला त्रास झाला, तर ती हे वाक्य आठवून तक्रारच करणार नाही. तक्रारीला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते, समितीला कारण पटलं तर ती आणखी तीन महिने वाढवता येते. अशा एका वाक्याने ते महिने फुकट जातात.

याच कलमाच्या जोडीला एक अलिखित कलमही आपल्याकडे पाळलं जातं: ‘अहो, तो प्यायलेला होता, सोडून द्या.’ स्वतःच्या मर्जीने घेतलेली दारू फौजदारी कायद्यातही माफीचं कारण ठरत नाही. मग ती आपल्या ऑफिसात का ठरावी?

आता दारूबद्दल. किती प्यावं यावर परिपत्रकात एकच वाक्य आहे: ‘सर्वांनी आपली मर्यादा ओळखून जबाबदारीने मद्यपान करावे.’ हे वाक्य वाचून एकाही माणसाने एकही पेग कमी घेतलेला नाही, घेणारही नाही. तिशी-चाळिशीच्या लोकांना मर्यादा ओळखा म्हणून सांगणं म्हणजे वयाचा अपमान आणि कागदाचा अपव्यय. ज्या गोष्टी खरोखर नियोजन समितीच्या हातात आहेत, त्यांवर मात्र परिपत्रकात काहीच नाही. त्या रात्रीचंच उदाहरण घेते.

बार साडेसातला उघडला. दुपारचं जेवण एकला झालेलं, मधे चहा आणि दोन बिस्किटं. स्टार्टर्सचे ट्रे आले ते आठनंतर, आणि तेही पहिल्या तीन टेबलांवरच संपले. जेवणाचा बुफे मात्र ‘भाषणं झाल्यावर’ म्हणून अकराला लागला. म्हणजे साडेतीन तास लोक जवळजवळ रिकाम्या पोटी पीत होते. पोटात अन्न असलं की अल्कोहोल रक्तात सावकाश उतरतं, नसलं की भराभर चढतं. यात कोणाच्या संस्काराचा काही संबंध नाही. मग पावणेअकराला सूत्रसंचालकाने माइकवरून घोषणा केली, ‘फ्रेंड्स, लास्ट ऑर्डर!’ पुढची दहा मिनिटं मी काउंटरच्या बाजूलाच उभी होते. एकेक जण चार-चार ग्लास दोन्ही हातांच्या बोटांत अडकवून नेत होता, टेबलांवर भरलेल्या ग्लासांच्या रांगा लागल्या होत्या, आणि ज्यांचं पिऊन झालं होतं तेही ‘आता मिळणार नाही’ म्हणून पुन्हा रांगेत आले. त्या रात्रीची सगळी भांडणं, ओकाऱ्या आणि जे काही झालं ते या घोषणेनंतरच्या दीड तासातलं आहे. तिथे हजर असलेल्या कोणालाही विचारा.

परिपत्रकाखेरीज आपण यावर उपाय म्हणून कूपनं आणली आहेत, माणशी तीन. कूपनावर काय लिहिलंय बघा: ‘एक पेग किंवा एक बिअर.’ तीस मिलीचा छोटा पेग, 42.8 टक्क्यांची व्हिस्की, यात शुद्ध अल्कोहोल साधारण 10 ग्रॅम. साडेसहाशे मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, यात साधारण 41 ग्रॅम. म्हणजे एकाच कूपनावर एकाला एक पेग आणि दुसऱ्याला चार पेगांइतकी दारू. आणि ‘मी काय, फक्त बिअर घेतो’ म्हणणारा दुसराच हिशोबात सोवळा. त्यात न पिणाऱ्यांची कूपनं कुठे जातात हे कोणाला सांगायला नको. माझ्या टीममधल्या एका मुलाकडून तिघांनी कूपनं मागून नेली, कारण तो पीत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. न पिणाऱ्याला आपण पुरवठादार करून ठेवलंय.

सकाळचा हिशोब तर परिपत्रकात नाहीच. ‘रात्री मद्यपान करून वाहन चालवू नये’ इतकंच आहे. समजा एकाने आठ ते बाराच्या दरम्यान दोन स्ट्राँग बिअर आणि साठ मिलीचे दोन मोठे पेग घेतले. एकूण साधारण 120 ग्रॅम अल्कोहोल झालं. शरीर तासाला ढोबळमानाने सात ते दहा ग्रॅम निकालात काढतं. माणसागणिक फरक पडतो, पण कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. म्हणजे शेवटचा अंश जायला सकाळचे आठ तरी होतील, दुपारचा एकही वाजू शकतो. आपण नऊचं सत्र थोडक्यात आटपून लोकांना दहाला मोकळं करतो. झोप झालेली असते, पोहे खाऊन झालेले असतात, डोकं हलकं वाटत असतं, आणि तो माणूस तिघांना घेऊन स्वतःच्या गाडीने घाट उतरायला निघतो. मोटार वाहन कायद्याची मर्यादा शंभर मिली रक्तात तीस मिलिग्रॅमची आहे. ती सकाळीही तीच असते.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट 21 वर्षं आहे, व्हिस्की-रमसारख्या कडक मद्यासाठी 25. आपली कॅम्पसची बॅच बाविशी-तेविशीतली. म्हणजे शेकोटीजवळ एक वरिष्ठ साहेब स्वतःच्या हाताने पेग भरून ‘घे रे, टीमचा झालास तू आज’ म्हणून ज्याच्या हातात देतात, त्याला तो देणंच बेकायदा आहे. त्या मुलाने काय करावं अशी अपेक्षा आहे? सहा महिन्यांनी त्याचं कन्फर्मेशन त्याच साहेबांच्या सहीने होणार आहे. त्याने घेतला, एका घोटात. नंतर तो हिरवळीवर आडवा पडलेला असताना कोणीतरी व्हिडिओ काढला आणि सोमवारच्या स्टँडअपपर्यंत तो सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरला. त्याला कोणीही ‘तक्रार करायची आहे का’ असं विचारलं नाही. 2013 चा कायदा स्त्रियांसाठी आहे, त्यामुळे अशा मुलाला, किंवा अंगचटीला आलेल्या वरिष्ठाचा त्रास झालेल्या पुरुषाला, त्यात दाद नाही. म्हणूनच कंपनीच्या स्वतःच्या नियमांत त्याची सोय हवी.

न पिणाऱ्यांचं दुःख थोडक्यात सांगते, कारण ते फार जुनं आहे. आपल्याकडे कितीतरी लोक कोकमध्ये लिंबाची फोड टाकून रात्रभर तोच ग्लास हातात धरून फिरतात, म्हणजे कोणी ‘का नाही घेत?’ विचारायला नको. कोणी औषधं घेत असतं, कोणाचा उपास असतो, कोणी गरोदर असून अजून कोणाला सांगितलेलं नसतं, कोणाच्या घरात बापाच्या दारूने संसार उद्ध्वस्त झालेला असतो. यातलं काहीही सांगायला कोणी बांधील नाही. आणि त्यांच्यासाठी आपली व्यवस्था काय, तर कोपऱ्यातल्या टेबलावर गॅस उडालेलं केशरी पेय. माणशी पॅकेजचे पैसे मात्र त्यांच्याही नावावर तितकेच लागतात.

शेवटची तक्रार जबाबदारीबद्दल. त्या रात्री सगळं सांभाळायला कोण होतं? मनुष्यबळ विभागातली, नोकरीला वर्षही न झालेली एक मुलगी. तिने एका संचालकांना ‘सर, आता पुरे’ म्हणायचं होतं. तिने बारवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘मॅडम, साहेबांनी सांगितल्याशिवाय बंद नाही करता येणार.’ आपलं परिपत्रकही पुन्हा ‘मनुष्यबळ विभागाचे प्रतिनिधी शिस्तीवर लक्ष ठेवतील’ असंच म्हणतं. जिच्या शब्दाला वजन नाही तिच्यावर जबाबदारी टाकणं म्हणजे ती कोणावरच न टाकणं.

तर माझ्या मागण्या अशा.

‘महिलांसाठी स्वतंत्र बस’ आणि ‘रात्री 10 नंतर कंपनी जबाबदार नाही’ ही दोन्ही कलमं रद्द करावीत. त्याऐवजी स्पष्ट लिहावं की निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत, बस, खोल्या आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप धरून, ऑफिसातले वर्तनाचे नियम लागू राहतील, आणि ते हॉटेलचे वेटर, सूत्रसंचालक, गाणारी मंडळी यांच्याशी वागतानाही लागू राहतील. त्यांच्याशी आपली मंडळी कशी बोलतात यावर एक वेगळं पत्र होईल.

बार उघडण्याआधी अर्धा तास पोटभर खायला मिळावं: भजी, कटलेट, पनीर, चिकन, जे काही असेल ते प्रत्येक टेबलापर्यंत पोचावं. बुफे साडेआठला लागावा, भाषणं त्याच्या आधी उरकावीत किंवा सोडून द्यावीत. (भाषणं सोडली तर कोणी रडणार नाही, ही माझी वैयक्तिक हमी.) एका वेळी एका माणसाला एकच ग्लास, पेग मापानेच, स्ट्राँग बिअर यादीतून बाहेर. बार साडेदहाला घोषणा न करता बंद व्हावा, जेवण, गोड, गाणी मात्र पुढे तासभर चालू राहावीत. बंद होण्याची वेळ आमंत्रणात आधीच छापलेली असावी, म्हणजे शेवटच्या क्षणाची झुंबड होणार नाही. तरण तलाव बार उघडताच बंद, आणि रात्री धरणाच्या पाण्याकडे कोणीही जायचं नाही. तिथे माणसं बुडतात हे आपण वर्तमानपत्रात दरवर्षी वाचतो.

त्याच काउंटरवर, तशाच ग्लासात, ताजं लिंबू-सोडा, कोकम सरबत, सोलकढी मिळावी. ‘का नाही घेत’ हा प्रश्न आणि पेग हातात कोंबणं या दोन्हींना नियमांत जागा मिळावी: पहिल्यासाठी समज, दुसऱ्यासाठी कारवाई. पंचविशीखालच्या कर्मचाऱ्यांना कडक मद्य दिलं जाणार नाही याची जबाबदारी बारवाल्याबरोबर तिथल्या सगळ्यात वरिष्ठ अधिकाऱ्याने घ्यावी. रिसॉर्टला मद्याचा परवाना नसेल, खाजगी बंगला असेल, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तात्पुरता परवाना काढल्याशिवाय बाटली उघडू नये.

दर कार्यक्रमाला दोन जण, एक बाई आणि एक पुरुष, त्या रात्री अजिबात न पिणारे. त्यातला एक संचालक दर्जाचा असलाच पाहिजे. पाळीपाळीने सगळ्यांना येईल, बदली सुट्टी द्या. बार थांबवण्याचा अधिकार त्यांचा, आणि तसं हॉटेलच्या व्यवस्थापकाला आधीच लेखी कळवलेलं असावं. त्यांचे आणि अंतर्गत समितीच्या अध्यक्षांचे नंबर खोलीच्या किल्लीसोबत प्रत्येकाला मिळावेत, आणि जवळचं रुग्णालय कुठलं हेही त्याच कार्डावर असावं. कोणी जास्त प्यायलं तर त्याला खोलीत टाकून दार ओढून घेणं ही मदत नव्हे. कुशीवर झोपवायचं, जवळ कोणीतरी बसायचं, आणि हाक मारूनही जागा होत नसेल किंवा श्वास संथ, अडखळत असेल तर लिंबू न पिळता 108 ला फोन करायचा.

जाण्या-येण्यासाठी सगळ्यांना बस, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर परत. आपली गाडी आणणाऱ्याने रात्री प्यायली असेल तर सकाळी किल्ली चालवू शकणाऱ्या सहकाऱ्याकडे द्यावी, किंवा बसने यावं. गाडी आणायला ड्रायव्हर पाठवण्याचा खर्च कंपनीने करावा. पॅकेजच्या रकमेपुढे तो किरकोळ आहे.

आणि कामाचे निर्णय शेकोटीभोवती होऊ नयेत. झालेच, तर सोमवारी ऑफिसात ते पुन्हा सगळ्यांसमोर मांडल्याशिवाय पक्के धरू नयेत.

वार्षिक ऑफसाइटसाठी रिसॉर्टला आगाऊ रक्कम भरण्याआधी सुधारित परिपत्रक निघावं, आणि त्याचा मसुदा पंधरा दिवस सर्व कर्मचाऱ्यांच्या हरकतींसाठी खुला ठेवावा. मसुदा लिहायला हात कमी पडत असतील तर मी आहे, माझ्या टीममधले दोघे आहेत, आणि अंतर्गत समितीच्या बाहेरच्या सदस्य मॅडमनाही बोलवावं. त्यांनी अशी कागदपत्रं बरीच पाहिली आहेत. शनिवारी बसायचीही आमची तयारी आहे.

कळावे,

डिलिव्हरी विभागातील एक कर्मचारी,
पुणे